पांढरा अंगावर, बाकीचे दोरीवर

महाड-पोलादपूरकडच्या ज्या ताई-वहिनी घरातून कुर्ते विकतात, व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवर नाहीतर मीशोवर माल चढवतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. घाऊक बाजारातून सेट येतो. एकच कट, एकच कापड आणि रंग चार-पाच. प्रत्येक रंग कुणाच्या तरी अंगावर चढवून फोटो काढायचा, तर प्रत्येकाला इस्त्री करा, फोटोला उभी राहणारी मुलगी दिवसभर अडकवून ठेवा आणि तेवढ्यात उजेड बदलला की सगळं मुसळ केरात. त्यातून आपल्याकडे गणपती-दसऱ्याच्या ऑर्डरी जुळवायच्या त्या जुलै-ऑगस्टात. तेव्हा सावित्रीच्या खोऱ्यात सलग दोन तास एकसारखा उजेड मिळाला तर नशीब समजायचं. म्हणून एकाच फोटोवरून बाकीचे रंग तयार करण्याची पद्धत नीट समजून घ्या. ती फुकट आहे आणि अवघड नाही. मात्र बहुतेक जण ती उलट्या टोकाकडून सुरू करतात.

उलटं टोक म्हणजे सेटमधला सगळ्यांत उठावदार कुर्ता, बहुधा मरून किंवा राणी, अंगावर चढवायचा आणि मग मोबाइलवरच्या एखाद्या ॲपात रंगाची पट्टी सरकवून त्याचा पिवळा, निळा, हिरवा करायचा. अशा फोटोतला पिवळा मळकट दिसतो, निळा प्लास्टिकसारखा, आणि चुण्या कुठे गेल्या ते कळत नाही. याचं कारण सोपं आहे. फोटोतला प्रत्येक ठिपका तीन आकड्यांचा असतो: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी 0 ते 255. मरून कापडात हिरव्या-निळ्याचे आकडे मुळातच वीस-चाळीसच्या घरात असतात. चुणीची उजळ बाजू आणि सावलीची बाजू यांतला फरक त्या दोन रंगांत जेमतेम उरतो, आणि जो उरतो त्यात कॅमेऱ्याचा रवाच जास्त. त्यातून पिवळा करायचा तर हिरव्याचा आकडा दीडशेच्या वर न्यावा लागतो. जे टिपलंच गेलं नाही ते मागाहून कुठून येणार?

म्हणून अंगावर चढवायचा तो सेटमधला सगळ्यांत फिका कुर्ता. पांढरा, मोतिया, क्रीम असेल तो. फिक्या कापडावर उजेड आणि सावली तिन्ही रंगांत पुरेपूर टिपली जाते आणि त्यावर गडद रंग चढवणं म्हणजे फक्त आकडे खाली आणणं. फिका निवडण्याचा आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. लाल कुर्ता घातला की त्याची लाली हनुवटीखाली, तळहातावर, शेजारच्या पांढऱ्या लेगिंगवर पडते. पुढे कुर्ता निळा केला तरी हनुवटीखालची लाली तशीच राहते. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण फोटो बनावट वाटतो. पांढऱ्याचा असा रंग कुठे पडत नाही.

पांढऱ्याला जपायचं एकाच बाबतीत. मोबाइल त्याला जास्त उजळ करतो आणि चुण्या पांढऱ्याफटक होऊन पुसल्या जातात. कुर्त्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे अडकवा, आणि सूर्याच्या खुणेची पट्टी जरा खाली ओढा. फोटो काढल्यावर कुर्त्याच्या सगळ्यांत उजळ भागाचे आकडे 225 ते 235 च्या आसपास असावेत. 255 आले की तिथलं कापड फोटोतून गेलंच म्हणून समजा, पुन्हा काढा. पांढरा पातळ असेल तर आत अंगाच्याच रंगाचा स्लिप हवा. आतलं काही दिसलं तर ते पुढच्या सगळ्या रंगांतही दिसणार, आणि गडद कुर्त्यातून आतलं दिसतंय हे कुणालाही विचित्र वाटेल.

जागा म्हणाल तर पडवी उत्तम, ऊन थेट न येणारी. पण पावसाळ्यात पडवीला निळी ताडपत्री बांधलेली असते, तिच्या आडून येणारा उजेड निळाच असतो. त्या दिवसापुरती ती बाजूला करा, नाहीतर पांढऱ्या भिंतीच्या खोलीत खिडकीपाशी उभं राहा. ट्यूबलाइट बंदच ठेवा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की कुर्त्याची एक बाजू एका छटेची आणि दुसरी दुसऱ्याच छटेची येते, ती पुढे निस्तरत बसावं लागतं.

अंगावरचा फोटो झाला. आता दुसरा फोटो, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव या फोटोत आहे. खिडकीसमोर किंवा पडवीत एक दोरी बांधा. तिच्यावर सेटमधल्या प्रत्येक रंगाचा एकेक कुर्ता घडी करून शेजारी शेजारी लटकवा आणि त्यांच्यात त्याच कापडाचा पांढराही ठेवा, दुसऱ्या साइजचा चालेल. सगळे एकाच चौकटीत, एकच फोटो. वेगवेगळे फोटो काढलेत तर मोबाइल प्रत्येक वेळी आपल्या मनाने रंग सावरतो. चौकटभर पिवळं दिसलं की तो चित्र निळ्याकडे ढकलतो, चौकटभर काळं दिसलं की सगळं उजळवतो. एका चौकटीत तो जे काही करेल ते सगळ्या कुर्त्यांना सारखंच करेल. आपल्याला हवा असतो तो पांढऱ्याच्या मानाने हळदी किती, मरून किती एवढाच हिशेब, आणि तो या एका फोटोतून मिळतो.

फोटो संगणकावर नेताना व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखा पाठवू नका, तो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबल लावा. काम मोबाइलवरही होतं, पण बोटाने कडा निवडण्यात डोळे जातात. मुलाचा लॅपटॉप असेल तर उत्तम, नसेल तर बाजारपेठेतल्या एखाद्या कॉम्प्युटरवाल्याकडे तासभर बसा. विकतचं सॉफ्टवेअर नको. ब्राउझरमध्ये चालणारं Photopea पुरेसं आहे, ते फोटो तुमच्याच संगणकावर ठेवून काम करतं. ज्यांच्याकडे GIMP आहे त्यांचंही काम त्यात होईल.

आता एक रंग आकड्यांनिशी करून बघू. दोरीवरच्या फोटोत रंग उचलायचं साधन (Eyedropper) घेऊन पांढऱ्या घडीच्या सपाट, चुणी नसलेल्या भागावर टिचकी मारा. एकाच ठिपक्यावर विसंबू नका, चार-पाच ठिकाणचे आकडे घेऊन सरासरी काढा. समजा पांढऱ्याचे आले 228, 224, 214. तसेच हळदी कुर्त्याचे आले 222, 168, 40. आता पांढऱ्यावर जो रंगाचा थर चढवायचा त्याचे आकडे असे काढायचे:

```
थर = हळदी ÷ पांढरा × 255

लाल    : 222 ÷ 228 × 255 = 248
हिरवा  : 168 ÷ 224 × 255 = 191
निळा   :  40 ÷ 214 × 255 =  48
```

म्हणजे थराचा रंग 248, 191, 48. थेट हळदीचेच 222, 168, 40 घेतले तर कुर्ता दरवेळी थोडा काळपट येतो, कारण आपला पांढरा मुळात 255 नसतो. हा छोटा भागाकार टाळला, की आपण केलेला रंग नेहमी डल का दिसतो हा प्रश्न पडतो.

अंगावरचा फोटो उघडा. Quick Selection हे साधन घेऊन कुर्त्यावरून फिरवत कुर्ता निवडा. चुकून हात किंवा ओढणी निवडीत आली तर Alt दाबून तेवढं वजा करा. इथे घाई नको, सगळ्या कामाचा अर्धा वेळ इथेच जाऊ द्या. फोटो मोठा करून चार जागा खास तपासा. मानेमागे गळपट्टीची आतली बाजू दिसते, तीही कापडच असते आणि हमखास पांढरी राहून जाते. बाजूच्या कटमधून लेगिंग दिसते, ती निवडीत येता कामा नये. काखेतली सावली सुटते. आणि खांद्यावर रुळणारे केस, त्यांच्या कडेला पांढरी रेघ राहते. केस मागे बांधून फोटो काढला असता तर हा शेवटचा त्रास झालाच नसता. निवडीची कडा एक-दोन पिक्सेल मऊ करून घ्या (Feather), नाहीतर कुर्ता कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

निवड तयार असताना रंगाचा नवा थर (Color Fill) घ्या, आकडे 248, 191, 48 भरा आणि थराची पद्धत Normal ऐवजी Multiply करा. पांढरा कुर्ता हळदी होईल, चुण्या, शिलाई, कापडाची वीण सगळं जिथल्या तिथे राहील. Multiply खालच्या फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला थराच्या रंगाने गुणते. खऱ्या कापडातही असंच घडतं. वरून येणारा उजेड, त्यातून कापड जेवढा रंग परत फेकतं तेवढा आपल्याला दिसतो. म्हणून हा रंग खरा वाटतो आणि पट्टी सरकवून आणलेला वाटत नाही. पुढच्या रंगासाठी निवड पुन्हा करायची नाही. त्याच थराचे आकडे बदलायचे आणि नवी प्रत निर्यात करायची. मूळ फाइल थरांसकट PSD म्हणून ठेवा, त्या सेटमध्ये पुढे नवा रंग आला तर पाच मिनिटांचं काम राहतं.

याच भागाकारातून काय जमणार नाही तेही कळतं. समजा तुमच्या सेटमध्ये पांढरा नाहीच आणि तुम्ही लिंबू रंगावर काम करता आहात. लिंबूच्या निळ्याचा आकडा 90, आणि करायचा आहे आकाशी, ज्याच्या निळ्याचा आकडा 220. 220 भागिले 90 गुणिले 255 म्हणजे 623. 255 च्या वर आकडा असतच नाही. तीनपैकी एकही उत्तर 255 ओलांडून गेलं, की तो रंग या फोटोतून निघणार नाही असं समजावं. पट्टी ओढून जबरदस्ती करू नये, त्या रंगाचा वेगळा फोटो काढावा.

गडद रंगांना मात्र थोडं वरकाम लागतं. मरूनचे आकडे समजा 104, 28, 44. भागाकार केला की थर येतो 116, 32, 52. चढवून बघा, रंग जुळेल पण कुर्ता जरा सपाट, धुरकट वाटेल. पांढऱ्या कापडाच्या चुणीत उजेड या बाजूवरून त्या बाजूवर उसळत राहतो, म्हणून पांढऱ्याच्या सावल्या मवाळ असतात. खऱ्या मरून कापडात तो उजेड पहिल्याच टप्प्यात गिळला जातो आणि चुणी खोल, काळसर दिसते. तेव्हा कुर्त्याच्याच निवडीवर Curves घ्या आणि रेषेचा खालचा, सावल्यांचा भाग जरासा खाली ओढा. जरासाच. उजळ भाग हलवू नका, तो आपण मोजून जुळवलेला आहे. किती ओढायचं ते दोरीवरच्या फोटोतल्या मरूनच्या चुण्यांकडे बघून ठरवा.

काळ्याच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: काळा पांढऱ्यावरून करू नका. खरा काळा कुर्ता दिसतो तो त्याच्या घड्यांवरच्या बारीक चकाकीमुळे, आणि मवाळ पांढऱ्या कापडात ती चकाकी नसते. गुणाकाराने तुम्हाला कोळशाच्या रंगाचं एक भोक मिळेल. नेव्हीही बरेचदा तसाच. त्याच बैठकीत काळा अंगावर चढवून एक फोटो काढा, बाकीचे सगळे पांढऱ्यावरून करा. पाचाऐवजी दोन फोटो, हाही मोठाच फायदा.

कापडाचंही पाहा. साधं सुती, रेयॉन, मंद पोताचं कापड या पद्धतीला मानवतं. साटीन, टिश्यू, धूपछाव मानवत नाही, कारण त्यात प्रकाश पडेल तसा रंग फिरतो. ज्या हातमागाच्या कापडात ताणा पांढरा आणि बाणा रंगीत असतो, त्याच्या रंगात पांढरे तंतू मिसळलेले दिसतात. सरसकट थर चढवला की ते तंतूही रंगून जातात आणि कापड गिरणीचं वाटायला लागतं. गळ्यावर जरीकाम किंवा कशिदा असेल तर तो निवडीतून वगळा, पण त्याआधी दोरीवरच्या कुर्त्यांकडे नीट बघा. कारखानदार पुष्कळदा रंगागणिक कशिद्याचा दोरा, बटणं, पायपिन बदलतो. पांढऱ्याला सोनेरी बटणं आणि मरूनला लाकडी असं असेल तर तुमच्या हळदी-मरूनच्या फोटोत खोटी बटणं जातील. छापील कुर्त्याच्या वाटेला तर या पद्धतीने जाऊच नका.

आता खरी परीक्षा. फॉल-बिडिंगच्या दुकानात साडीला फॉल जुळवताना आपण काय करतो? साडी आणि फॉल दोन्ही घेऊन दुकानाच्या दारात येतो, उजेडात बघतो आणि मगच हो म्हणतो. तेच इथे करा. दिवसा, खिडकीपाशी, पडद्याचा उजेड बऱ्यापैकी वाढवून खरा कुर्ता पडद्याच्या शेजारी धरा. मोबाइलवर बघत असाल तर डोळ्यांच्या आरामासाठी असलेली पिवळी छटा आणि रंग भडक करणारी सेटिंग दोन्ही बंद ठेवा. राणी, जांभळा आणि मोरपंखी हे तीन रंग इथे सगळ्यांत जास्त दगा देतात. जांभळा मोबाइलच्या कॅमेऱ्यात निळ्याकडे झुकतो, राणीचा लाल आकडा वर टेकतो. त्यामुळे दोरीच्या फोटोतले आकडेच चुकलेले असतात आणि भागाकार कितीही बरोबर केला तरी उत्तर चुकतं. या तीन रंगांत आकड्यांवरून सुरुवात करा, पण शेवट डोळ्यांनी करा. जांभळ्यात थराचा लाल आकडा थोडा थोडा वाढवत खऱ्या कापडाशी जुळवा. मग तोच फोटो घरातल्या दुसऱ्या, स्वस्तातल्या मोबाइलवर बघा, कारण गिऱ्हाईक तुमच्या लॅपटॉपवर बघणार नाही.

कॅटलॉगमध्ये चढवताना पहिला फोटो रंगवलेला चालेल, दुसरा मात्र दोरीवरच्या त्या रंगाच्या खऱ्या कुर्त्याचा असू द्या, कातरून घेतलेला. खाली सरळ लिहा: "पहिल्या फोटोत रंग संगणकावर केला आहे, खरं कापड दुसऱ्या फोटोत पाहा." एवढं लिहिल्याने गिऱ्हाईक जाईल असं काहींना वाटतं. पण आंधळेपणाने मागवून परत पाठवणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा विचारून घेणारं बरं. त्या परतीचा जाण्या-येण्याचा खर्च आणि मळलेली घडी कोण सोसतं, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै 2020 मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. जाहिरात मालाच्या खऱ्या स्वरूपाशी जुळती असावी हे त्यांत विक्रेत्यावर बंधन आहे, आणि जाहिरातीत दाखवल्यासारखा माल नसेल तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. "रंगात थोडा फरक असू शकतो" ही एक ओळ खाली टाकली की सगळं माफ, अशी समजूत बाजारात आहे. पडद्यामुळे येणारा उन्नीस-बीस फरक त्या ओळीत बसेल. पण कापड बाटली-हिरवं आणि फोटो पोपटी, हा फरक त्या ओळीत मावत नाही.

आणि एक मोह टाळा. एकदा हात बसला की हाती नसलेले रंगही करून कॅटलॉगमध्ये लावावेसे वाटतात: "ऑर्डर आली की व्यापाऱ्याकडून मागवू." व्यापाऱ्याचा पुढचा लॉट त्याच छटेचा येईल याची हमी तो स्वतःही देत नाही. रंगाई बदलली की छटा बदलते, हे कापडात नेहमीचंच. ज्या रंगाचा कुर्ता तुमच्या दोरीवर टांगला गेला नाही, तो कॅटलॉगमध्ये जाऊ देऊ नका.

तेव्हा माझी विनंती इतकीच. गणपतीचा माल घरात येईल त्या दिवशी पिशव्या कपाटात टाकण्याआधी सेटमधला एकेक कुर्ता काढा, उजेड बरा असेल त्या तासाला दोरीवर लावा आणि तो एक फोटो काढून ठेवा. अंगावरचा फोटो चार दिवसांनी काढलात तरी चालेल. पण त्यातला एखादा रंग विकून संपला, की दोरीचा हा फोटो पुन्हा काढता येत नाही.